पोटगीचा आदेश हातात होता, पैसे येत नव्हते

हे लिहायला बसले तेव्हा आधी मुलीला विचारलं. ती आता बारा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. ती म्हणाली, लिही, पण माझं आणि बाबांचं नाव नको. म्हणून कुणाचंच नाव देत नाही, शहराचंही नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं एक शहर, तिथलं कौटुंबिक न्यायालय, एवढं पुरे.

आमच्या पोटगीचा आदेश १३ फेब्रुवारी २०२३ ला झाला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा. मला १०,००० आणि मुलीला ५,०००, म्हणजे महिन्याला १५,००० रुपये, दर महिन्याच्या १० तारखेच्या आत माझ्या खात्यात. आदेश अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून लागू होता. केस चालू असताना अंतरिम पोटगी म्हणून माझा नवरा महिन्याला ७,००० देत होता. त्यामुळे मधल्या अठरा महिन्यांचा ८,००० प्रमाणे फरक निघाला, १,४४,००० रुपये. निकाल ऐकून बाहेर आल्यावर मला वाटलं होतं की आता कोर्टाची पायरी चढायची नाही.

फेब्रुवारी ते मे असे चार महिने पूर्ण १५,००० आले. फरकाचा एक रुपया आला नाही. जूनची १० तारीख गेली. मी चार दिवस वाट पाहिली, मग मेसेज केला. "नोकरी गेली आहे, बघू" असं उत्तर आलं. जुलै कोरडा गेला, ऑगस्टही. तेव्हा मी काहीच केलं नाही, आणि ही माझी पहिली चूक. मला वाटत होतं की पैसे आले नाहीत हे कोर्टाला कळेल आणि कोर्ट काहीतरी करेल. असं होत नाही. आदेश झाला की ती फाईल बंद होते. पैसे थांबले तर वसुलीसाठी आपणच नवा अर्ज करायचा असतो.

दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या वकील मॅडमकडे नेलं. मॅडमनी आदेशावरची तारीख पाहिली आणि पहिलं वाक्य हे म्हणाल्या, "ताई, एक वर्षाच्या आत आलात, बरं झालं." तेव्हाच्या कलम १२५ च्या पोटकलम ३ मध्ये अशी अट आहे की जी रक्कम देय झाली, तिच्या देय तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्यासाठी वॉरंट निघतं. आमचा फरक आदेशाच्या दिवशी देय झाला असं धरलं तर १३ फेब्रुवारी २०२४ ही शेवटची तारीख होती. मी आणखी चार महिने "बघू"वर काढले असते तर १,४४,००० साठी वॉरंटचा रस्ता बंद झाला असता. रक्कम बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पूनगोडीच्या प्रकरणात सांगितलं आहे की या अटीनं थकबाकीवरचा हक्क जात नाही, फक्त अटकेची ही खास वाट बंद होते आणि दिवाणी मार्गानं वसुली करावी लागते. पण ज्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही, त्याच्याकडून दिवाणी मार्गानं वसूल करणं किती अवघड असतं ते पुढे मी पाहिलं.

अर्जाच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ हिशोबाच्या तक्त्याला गेला. एका कागदावर महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, बाकी. प्रत्येक ओळ बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवून घेतली आणि त्याच्याकडून आलेल्या रकमांवर पिवळा मार्कर फिरवला. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का घेतला. फेब्रुवारी ते मे त्यानं पूर्ण भरले होते, तेही प्रामाणिकपणे दाखवले. आपण लपवलेला एक हप्ता समोरच्या वकिलानं दाखवला तर अख्ख्या तक्त्यावर संशय येतो आणि हिशोब तपासण्यातच दोन तारखा जातात. माझा आकडा असा होता. फरक १,४४,०००, आणि जून ते नोव्हेंबर २०२३ चे सहा महिने, ९०,०००. एकूण २,३४,०००.

आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी मी नकला विभागात पैसे भरायला निघाले होते. मॅडमनी थांबवलं. पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूनं आदेश झाला त्याला विनामूल्य द्यायची, असं कायद्यातच आहे, तेव्हाच्या कलम १२८ मध्ये. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मला हे उशिरा कळलं. तोवर मी मॅडमना १५,००० हप्त्यांनी द्यायचं ठरवलं होतं आणि त्यांच्यावर विश्वास बसला होता, म्हणून बदललं नाही. झेरॉक्स, टायपिंग, शपथपत्रं, रिक्षा असं धरून वर सुमारे ४,००० गेले. खरा खर्च रजांचा होता. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, अर्धा दिवस गेला तरी पगार कापतात.

कोर्टाला दिवाळीची सुट्टी होती, ती संपल्यावर २० नोव्हेंबर २०२३ ला अर्ज दाखल झाला. पहिली तारीख १८ डिसेंबर. त्या दिवशी कळलं की त्याला पाठवलेली नोटीस "घर बंद" असा शेरा घेऊन परत आली आहे. घर बंद नव्हतं, तिथे त्याचे आई-वडील राहतात. मॅडमनी पुन्हा नोटीस मागितली आणि या वेळी मूळ केसमध्ये त्यानं दिलेला मोबाईल नंबर आणि दुसरा पत्ताही जोडला. एक गोष्ट आधी कळली असती तर महिना वाचला असता. पहिल्याच अर्जात आपल्याला माहीत असलेले सगळे पत्ते घालावेत, राहण्याचा, आई-वडिलांचा आणि कामाचा.

२९ जानेवारी २०२४ ला तो आला, वकिलाला घेऊन. लेखी म्हणणं दिलं की नोकरी गेली आहे, पोटगी परवडत नाही, बायकोनं परत नांदायला यावं. हे वाचून मी हादरले. मला वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाहेर बाकावर बसून मॅडमनी समजावलं. रक्कम कमी करून हवी असेल तर त्याला तेव्हाच्या कलम १२७ चा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत जुना आदेश जसाच्या तसा चालू असतो. वसुलीच्या अर्जात कोर्ट "किती द्यायचे" हे नव्यानं ठरवत नाही, "दिले की नाही" एवढंच बघतं. "नांदायला ये" या मुद्द्यावर मात्र उत्तर द्यावं लागतं, कारण पत्नी एकत्र राहायला का नकार देते याची कारणं कोर्ट विचारात घेऊ शकतं. आमच्याकडे मूळ निकालातच ती कारणं नोंदवलेली होती. मॅडमनी त्या परिच्छेदांवर खूण करून तेच जोडलं.

त्याच दिवशी त्यानं २०,००० रुपये दिले. मी घेऊन गप्प बसणार होते. मॅडमनी लगेच पुरसिस लिहायला लावली की ही रक्कम सर्वात जुन्या थकबाकीपोटी मिळाली, आता या अर्जात बाकी २,१४,०००. पुरसिस म्हणजे कोर्टाला दिलेली साधी लेखी माहिती. पण ती नसेल तर तीच रक्कम "चालू महिन्याचे दिले" म्हणून पुढे दाखवली जाऊ शकते. तेव्हापासून पैसे आले की त्या दिवशीच तक्त्यात नोंद आणि पुढच्या तारखेला पुरसिस, असा नेम ठेवला.

४ मार्चला तो आला नाही, वकीलही नाही. कोर्टानं जप्ती वॉरंट काढलं. वॉरंट म्हणजे अटक, असंच मी समजत होते. इथे त्याचे प्रकार आहेत आणि क्रमही आहे. पोटगीची थकबाकी दंडासारखी वसूल करायची असते, म्हणून आधी जप्ती वॉरंट निघतं, त्याला कोर्टात डिस्ट्रेस वॉरंट म्हणतात. त्यात माणसाला हात लावत नाहीत, त्याच्या नावावरची जंगम मालमत्ता जप्त करून विकायची असते. ते वाया गेलं की मग तुरुंगाचा विषय येतो. मला हा क्रम वेळकाढूपणा वाटला होता. पण मॅडम म्हणाल्या की जप्तीची पायरी न घेता थेट तुरुंगात पाठवलं तर तोच आदेश वरच्या कोर्टात टिकत नाही आणि आपलेच सहा महिने जातात.

वॉरंट कोर्टातून पोलीस ठाण्याला जातं आणि हा प्रवास आपण पाहिला नाही तर कुणी पाहत नाही. मॅडमच्या सांगण्यावरून मी कोर्टातून जावक क्रमांक आणि तारीख लिहून घेतली आणि आठवड्यानं ठाण्यात गेले. प्रत्येक ठाण्यात समन्स-वॉरंट बजावणारा एक अंमलदार असतो, त्यांनाच भेटायचं. पहिल्यांदा ते म्हणाले, असं काही आलं नाही. जावक क्रमांक दाखवल्यावर रजिस्टरमध्ये सापडलं. मी आवाज चढवला नाही, पण माझं नाव आणि पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे ठेवली.

१५ एप्रिलला अहवाल आला. घर वडिलांच्या नावावर, घरातलं सामान वडिलांचं, त्याच्या नावावर एक मोटरसायकल, तीही कर्जावर. जप्त करण्यासारखं काही आढळलं नाही. कागदावर तो अगदी निष्कांचन होता. तरी मे महिन्यात त्याच्या चुलत भावाच्या लग्नात तो नवा कोट घालून नाचत होता, हे मला नातेवाइकांनी फोटोसकट सांगितलं. तो फोटो मी मॅडमना दाखवला. त्यांनी ठेवून घेतला, पण म्हणाल्या, "यातून पगार सिद्ध होत नाही. तो कुठे कामाला जातो ते शोधा."

१५ एप्रिललाच कोर्टानं अजामीनपात्र अटक वॉरंट काढलं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा ठाण्यात गेले. "घरी मिळून येत नाही" असं उत्तर. खरं तर तो पहाटे निघत होता आणि दुपारी परत येत होता. म्हणजे शिफ्टची नोकरी होती. त्याच गल्लीत राहणाऱ्या एका काकूंनी मला सांगितलं की कंपनीची बस सकाळी सव्वासहाला चौकातून त्याला घेते. मी ही माहिती लेखी अर्जात लिहून ठाण्यात दिली आणि पोच घेतली. मी स्वतः त्या चौकात गेले नाही, भावालाही जाऊ दिलं नाही. तिथे तोंडातोंडी झाली असती तर उलटी तक्रार आमच्यावर झाली असती.

१८ जून २०२४, मंगळवार. अकराला मॅडमचा फोन आला की त्याला आणलं आहे, या. मी लॅबमधून निघाले तेव्हा हात कापत होते. तो कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदाराशेजारी बाकावर बसला होता, कंपनीचा निळा शर्ट अंगात. सासूबाई एका कोपऱ्यात रडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "लेकीच्या बापाला बेड्या घालायला लावल्यास." बेड्या नव्हत्या. पण ते वाक्य मला बरेच दिवस पुरलं. घरी आल्यावर मुलीनं विचारलं, बाबांना जेलमध्ये टाकलं का? मी तिला तेवढंच सांगितलं जे खरं होतं. कोर्टानं त्यांना पैसे द्यायला सांगितले होते, त्यांनी दिले नाहीत, म्हणून कोर्टानं बोलावून घेतलं.

त्या व्हरांड्यात एक समजूत सगळ्यांच्या तोंडी ऐकली की महिनाभर आत बसला की सगळं फिटतं. त्याच्या भावानंही हेच ऐकवलं, "बसेल महिनाभर, मग तुला काहीच मिळणार नाही." हे चूक आहे. कायद्यात थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत, किंवा आधी पैसे भरले तर तोवर, कैद सांगितली आहे. ती पैसे भरायला लावण्यासाठी आहे, पैशाच्या बदल्यात नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे की तुरुंगात गेल्यानं पोटगीची जबाबदारी संपत नाही, ती प्रत्यक्ष रक्कम दिल्यावरच संपते. मॅडमनी हे न्यायाधीशांपुढे वाचलं. त्यांनीही त्याला थेट सांगितलं की आत गेलात तरी ही रक्कम तुमच्या नावावर राहील. त्यानंतर दीड तासात त्याच्या भावानं ५०,००० आणून भरले.

पण त्या दिवशीची सगळ्यात उपयोगाची गोष्ट ५०,००० नव्हती. मॅडमनी आधीच अर्ज तयार ठेवला होता की त्याला मालमत्ता आणि उत्पन्नाचं नवीन शपथपत्र द्यायला सांगावं, नोकरी देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपांसकट. कोर्टानं त्याला पंधरा दिवस दिले. शिवाय त्यानं लेखी हमी दिली की दर महिन्याला १५,००० चालू आणि १०,००० जुन्या बाकीपोटी देईन. या दोन अटींवर त्याला सोडलं.

शपथपत्र आलं तेव्हा समजलं की "गेलेली" नोकरी त्यानं स्वतः सोडली होती आणि तीन महिन्यांत दुसरी धरली होती. हातात ४२,००० पगार. जुलैमध्ये हमीप्रमाणे २५,००० आले. ऑगस्टची १० तारीख कोरडी गेली.

या वेळी मी एक महिनाही थांबले नाही. २८ ऑगस्ट २०२४ ला आम्ही दोन अर्ज केले. एक, डिसेंबर २०२३ पासूनच्या थकबाकीचा. पहिला अर्ज नोव्हेंबर २०२३ पर्यंतच्या रकमेचा होता. त्यानंतरचे महिने त्यात आपोआप धरले जातील या भरवशावर राहू नका, असं मॅडमचं सांगणं. वर्षाची अट त्या महिन्यांनाही लागते. डिसेंबरची रक्कम १० डिसेंबर २०२३ ला देय होती, म्हणजे आमच्याकडे अजून साडेतीन महिने होते. आठ महिन्यांचे १,२०,००० या अर्जात आले (जुलैचे मिळाले होते). पहिल्या अर्जात १,५४,००० उरले होते. एकूण २,७४,०००. मधल्या काळात १ जुलैपासून नवीन कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाला होता आणि १२५ च्या जागी त्यात १४४ आलं होतं. मॅडमनी अर्जाच्या मथळ्यात दोन्ही कलमं लिहिली, म्हणजे कलमावरून अर्ज अडू नये.

दुसरा अर्ज पगाराच्या जप्तीचा होता. त्याच्या वकिलानं हरकत घेतली की १२५ च्या वसुलीत पगार जप्त करता येत नाही, तो दिवाणी हुकूमनाम्याचा मार्ग आहे. मला वाटलं इथे आपण अडकलो. पण रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की पोटगीचा आदेश पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासारखाही अंमलात आणता येतो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतली जप्तीची कलमं वापरता येतात. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. ज्यांचा आदेश कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली झाला आहे त्यांना हा वाद घालावा लागत नाही. त्या कायद्याच्या कलम २० मध्येच लिहिलं आहे की पैसे थकले तर न्यायदंडाधिकारी थेट मालकाला पगारातून द्यायला सांगू शकतात.

किती कापता येतं, याचा हिशोब मला फार आवडला, कारण तो शाळेतल्या गणितासारखा सरळ निघाला. एरवीच्या कर्जासाठी पगार जप्त करताना पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात न लावता सोडावे लागतात, म्हणजे फार थोडं मिळतं. पोटगीसाठी मात्र उलट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित. कोर्टानं ४२,००० हा आकडा धरला. त्याचा एक तृतीयांश १४,०००, तो त्याच्यासाठी. उरलेले २८,००० ही कमाल मर्यादा. आम्ही मागितले २५,०००, म्हणजे १५,००० चालू पोटगी आणि १०,००० थकबाकी. म्हणजे मर्यादेच्या आत. मी २८,००० मागू या म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, त्यानं स्वतः हमी दिलेला आकडाच मागा, त्याला नाही म्हणायला जागा राहत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचं मी विचारलं होतं. त्या दोन्हींना त्यांच्या कायद्यांनी जप्तीपासून संरक्षण दिलं आहे, म्हणून त्यांच्यावर आशा ठेवली नाही.

आणखी एक बारकावा होता, ज्यानं आमचा अर्ज नापास झाला असता. कारखाना दुसऱ्या तालुक्यातल्या एमआयडीसीत आहे. मी अर्जात कारखान्याचा पत्ता दिला होता. खाजगी नोकरी असेल तर पगार वाटणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो, आणि जप्तीचा आदेश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नियम ४८-अ खाली त्याच्याच नावानं निघतो. सरकारी नोकराला हे बंधन नाही. मॅडमनी पगाराच्या स्लिपवरचा पत्ता बारकाईनं पाहिला. पगार शहरातल्या मुख्य कार्यालयातून निघत होता. पत्ता बदलला. म्हणून सांगते, स्लिप मिळाली तर तिच्यावरचे आकडेच पाहू नका, खालच्या कोपऱ्यातला पत्ताही पाहा.

२३ सप्टेंबरला आदेश झाला. आम्ही त्यात आवर्जून एक ओळ मागून घेतली की कापलेली रक्कम थेट माझ्या खात्यात जमा करावी, खाते क्रमांक आणि आयएफएससीसकट. ही ओळ नसती तर पैसे कोर्टात जमा झाले असते आणि दर महिन्याला ते काढायला अर्ज, ओळख, कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या नाझरच्या कचेरीत फेऱ्या. कोर्टात आमच्याच मजल्यावर एक बाई भेटायच्या, त्यांचे सात महिन्यांचे पैसे असे कोर्टात पडून होते.

बेलिफानं ७ ऑक्टोबरला कंपनीत आदेश बजावला. ऑक्टोबरचा पगार झाला, माझ्या खात्यात काही नाही. मी कंपनीच्या एचआरला फोन केला. त्यांनी सांगितलं की आदेश कायदा विभागाकडे पाठवला आहे. मला पोटात गोळा आला. मॅडमनी कंपनीला साध्या भाषेत एक पत्र पाठवलं, सोबत आदेशाची प्रत आणि बजावणीची पोच. त्यात एवढंच लिहिलं की आदेश मिळाल्यानंतर त्याविरुद्ध कर्मचाऱ्याला दिलेल्या रकमेसाठी नियमाप्रमाणे मालक स्वतः जबाबदार राहतो. भांडणाचा सूर नव्हता. चौथ्या दिवशी एचआरमधून फोन आला आणि माझ्या खात्याचा रद्द केलेला चेक मागितला.

५ डिसेंबर २०२४ ला, गुरुवारी, दुपारी पावणेतीनला लॅबमध्ये नमुन्यांवर लेबलं लावत असताना मेसेज आला. २५,००० जमा. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव. अर्ज दाखल केल्यापासून एक वर्ष आणि पंधरा दिवस झाले होते. मी संडासात जाऊन रडले आणि मग येऊन उरलेली लेबलं लावली.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला पैसे येतात. तक्ता अजून चालूच आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरचे ४५,००० वाढले होते, त्यामुळे डिसेंबरच्या हप्त्यानंतर बाकी ३,०९,००० होती. दर महिन्याला ती १०,००० नं उतरते. आज, जून २०२५ चा हप्ता धरून, २,४९,००० उरले आहेत. या गतीनं आणखी पंचवीस महिने लागतील. पैसे येतात म्हणून थकबाकीचे दोन्ही अर्ज आम्ही काढून घेतलेले नाहीत. समोरून "आता मिळतंय ना, केस मागे घ्या" असा निरोप आला होता. मॅडमनी नाही म्हटलं. अर्ज प्रलंबित असला तर उद्या हप्ता चुकल्यावर लगेच वॉरंट मागता येतं.

चुकण्याची शक्यता आहेच. पगाराची जप्ती त्या नोकरीपुरती असते. त्यानं ही कंपनी सोडली तर आदेश तिथेच थांबतो आणि नव्या मालकासाठी नवीन अर्ज करावा लागतो. म्हणून आम्ही कोर्टाकडून आणखी एक निर्देश घेतला आहे की नोकरी बदलली तर त्यानं पंधरा दिवसांत नव्या मालकाचं नाव आणि पत्ता शपथेवर द्यावा. मीही दर महिन्याच्या ७ तारखेला खातं बघते. ७ पर्यंत कंपनीच्या नावानं काही आलं नाही तर ८ ला मॅडमना फोन, हे आमचं ठरलेलं आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये दोन्ही अर्जांचे सीएनआर, म्हणजे केस ओळखायचे क्रमांक घालून ठेवले आहेत, पुढची तारीख तिथेच दिसते आणि विचारायला म्हणून कोर्टात जावं लागत नाही.

पुढची तारीख १८ ऑगस्टला आहे. त्या दिवशी सहा हप्त्यांची पुरसिस द्यायची आहे. स्टेटमेंटवर पिवळा मार्कर फिरवायचं काम आता मुलगी करते. कंपनीच्या नावासमोरची ओळ तिला माझ्याआधी सापडते.